उरलेले अन्न पुन्हा पुन्हा गरम करणे

शिजवून उरलेले अन्न थंड करून ठेवायचे, नंतर सगळे गरम करून त्यातले थोडे वाढून घ्यायचे आणि बाकीचे परत थंड करायचे, असे एकाच अन्नाच्या बाबतीत अनेकदा होणे. अन्न दुसऱ्यांदा गरम केले की त्यात काहीतरी विषारी तयार होते, असा समज बराच पसरलेला आहे. खरा धोका मात्र आचेवर नसतो. आच बंद झाल्यावर भांडे सावकाश निवत असते, त्या वेळात तो वाढतो.

साधारण ५° ते ६०° सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वाढतात. चांगले शिजवल्याने बहुतेक जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरेयस हे त्यांपैकी दोन. पहिला मांसाच्या दाट रश्श्यात, तर दुसरा भातासारख्या पिठूळ पदार्थांत विशेष आढळतो. गंमत अशी की, उष्णतेच्या झटक्यानेच हे बीजाणू जागे होतात. अन्न निवू लागले की ते रुजतात आणि वाढू लागतात. परफ्रिंजेन्सची संख्या ४३° ते ४६° सेल्सिअसच्या आसपास सुमारे १० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. दोन तास हेच तापमान राहिले तर बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांहून अधिक.

पुढच्या वेळी सगळे नीट उकळले तर काय होते, हे जिवाणूवर अवलंबून असते. परफ्रिंजेन्सच्या वाढलेल्या पेशी त्यात मरतात. त्याचे विष मुख्यतः आतड्यात गेल्यावर तयार होते, त्यामुळे इथे कडकडीत गरम करणे उपयोगी पडते आणि नुसते कोमट करणे घातक ठरते. बॅसिलस सेरेयसचे उलटी करवणारे विष मात्र अन्नातच तयार होते आणि उकळण्याने नष्ट होत नाही. हाताने किंवा उष्ट्या चमच्याने शिजलेल्या अन्नात आलेल्या स्टॅफिलोकॉकसचे विषही तसेच. अशा अन्नाला वास येईलच असे नाही, चवही बदललेली नसते. म्हणून वास घेऊन खात्री करण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ. चार लिटर दाट रस्सा केला आणि तो चार दिवस पुरवायचा आहे. रोज संध्याकाळी सगळे पातेले तापवले, वाढून घेतले आणि उरलेले ओट्यावर निववून फ्रिजमध्ये ठेवले, तर चौथ्या दिवशीचा वाटा तीनदा निवलेला आणि तीनदा तापलेला असतो. म्हणजे तो धोक्याच्या पट्ट्यातून सहा वेळा गेला, शिवाय रोज डावही त्यात बुडाला. हाच रस्सा पहिल्याच दिवशी एकेका जेवणापुरता चार डब्यांत भरला, तर प्रत्येक वाटा एकदा निवतो आणि एकदाच तापतो. दोन्हीकडे रस्सा तोच, चुलीवरचे श्रम मात्र दुसऱ्या रीतीत कमी.

वाटे करण्याचा दुसरा फायदा निवण्याच्या वेगात आहे. दाट पदार्थाच्या थराची जाडी निम्मी केली, तर तो निवायला लागणारा वेळ ढोबळमानाने चौथाईवर येतो. म्हणून उंच डब्यापेक्षा पसरट डबा बरा आणि थर पाच सेंटिमीटरच्या आत ठेवावा. अमेरिकेच्या अन्न संहितेत खानपानगृहांसाठी ५७° वरून २१° सेल्सिअसपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५° पर्यंत पुढच्या चार तासांत, अशी मर्यादा आहे. खोल पातेले ओट्यावर ठेवून ही मर्यादा सहसा पाळता येत नाही. वाफ ओसरली की डबे फ्रिजमध्ये ठेवावेत, एकावर एक न रचता, मध्ये हवा खेळेल असे. अगदी गार होईपर्यंत बाहेर ठेवायची सवय इथे नडते.

गरम करताना मधोमध ७४° सेल्सिअस गाठायला हवे. पातळ पदार्थाला खळखळून उकळी फुटू द्यावी. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटका देतात आणि मध्य गार राहतो, तेव्हा अर्ध्यात ढवळून पुन्हा लावावे आणि नंतर मिनिटभर तसेच राहू द्यावे.

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला अन्न एकदाच पुन्हा गरम करावे, असा आहे. प्रत्येक वेळी झटपट थंड केले आणि पूर्ण तापवले तर दुसऱ्यांदा गरम केलेले अन्न आपोआप विषारी होत नाही, हेही खरे. पण घरात तिसऱ्या-चौथ्या वेळी तेवढी काळजी कोणी घेत नाही, त्यामुळे एकदाचा नियमच व्यवहार्य. तीन-चार दिवसांत संपणार नसलेले वाटे पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागेल तो डबा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. वाटे भुकेच्या अंदाजापेक्षा थोडे लहानच करावेत. कमी पडले तर दुसरा डबा काढता येतो. गरम करून उरलेले मात्र टाकूनच द्यावे लागते.