चष्म्याचा नंबर जास्त : मायनस की प्लस?

‘स्वच्छ दिसतंय ना? मग नंबर बरोबरच आहे.’ हे वाक्य ऐकलं की मला वैताग येतो. प्लसच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालतं. मायनसच्या बाबतीत मात्र ते साफ फसवं आहे.

प्लस जास्त झाला तर लगेच कळतं. पन्नाशीतल्या माणसाला वाचायला +१.५० पुरत असताना +२.५० दिला, तर ४० सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होतं. पुस्तक नाकाशी येतं, कॉम्प्युटरसमोर मान पुढे काढावी लागते आणि कपाळाबरोबर मानही धरते. तक्रार घेऊन माणूस स्वतःच दुकानात जातो.

मायनसचं तसं नाही. तरुण डोळ्याचं आतलं भिंग फुगून जास्तीचा मायनस खोडून काढतं, त्यामुळे लांबचं लख्खच दिसतं. समजा, बावीस वर्षांच्या मुलीचा खरा नंबर −२.०० आहे आणि तिला −२.७५ दिला. फळ्याकडे पाहतानाही तिचे डोळे पाऊण नंबराचा जोर लावत राहतात. वाचताना तर नेहमीच्या जोरावर हा पाऊण वरून चढतो. सकाळी ठीक असतं, संध्याकाळी भुवयांच्या वर ठणकतं आणि पुस्तकातून मान वर केली की लांबचं क्षणभर पुसट दिसतं. मग घरचे मोबाइलला शिव्या घालतात.

संशय घ्यायची खूण अशी : नव्या चष्म्यातून अक्षरं जास्त काळी, ठसठशीत पण किंचित लहान दिसतात, आणि तक्त्यावरची एकही ओळ जास्त वाचता येत नाही. ‘हा छान वाटतोय’ म्हणून पेशंट नेमका तोच नंबर निवडतो. तपासणाऱ्याने चष्म्यावर +०.२५ची काच धरावी, मग +०.५०ची. लांबची शेवटची ओळ तरीही तितकीच स्वच्छ राहिली, तर मायनस जास्त आहे. लाल-हिरव्या तक्त्यावर हिरव्यातली अक्षरं जास्त ठळक दिसली तर मायनसचा संशय घ्यायचा, लालमधली दिसली तर प्लसचा.

धूसर दिसलं म्हणजे प्लस जास्त, याला एक अपवाद आहे. ज्यांना खरोखर प्लस लागतो पण चष्मा कधी लावलाच नाही, अशा तरुणांना योग्य नंबरही सुरुवातीला धूसर वाटतो. जोर लावायची सवय सुटायला डोळ्यांना वेळ लागतो.

मुलांच्या बाबतीत मी मशीनच्या चिठ्ठीवर चष्मा करून देण्याच्या ठाम विरोधात आहे. मशीनमध्ये डोकावताना मूल जवळचं बघितल्यासारखा जोर लावतं आणि आकडा मायनसकडे सरकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेंब घालून नंबर काढून घ्यावा. त्या थेंबांनी तो जोर तात्पुरता बंद होतो. थेंब घातल्यावर मायनस बराच उतरला, तर आधीचा आकडा कुठून आला ते कळतं.

नंबर बरोबर निघाला आणि डोकं तरीही दुखतंय, तर दुकानदाराला काचांचे मध्य बाहुल्यांसमोर येतात का ते मोजायला सांगा. नजर अचानक कमी झाली किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील, तर चष्म्याच्या दुकानात न जाता सरळ डॉक्टर गाठा.