पार्श्वभूमी : युटिलिटी बाल्कनीतली जाळी कोणत्या पाइपाला जाते?

फ्लॅटच्या जाहिरातीतल्या थ्रीडी चित्रांत स्वयंपाकघरामागची युटिलिटी बाल्कनी आता नेहमीची झाली आहे. गोल दाराचे वॉशिंग मशीन, शेजारी कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, खाली फिकट रंगाच्या मोठ्या टाइल्स आणि त्यांत बसवलेली एक स्टीलची जाळी. मशीन, स्टँड, टाइल्स नंतर बदलता येतात. जाळीखालचा पाइप बदलायचा म्हटले तर फरशी फोडावी लागते, आणि पुष्कळदा खालच्या फ्लॅटचे छतही उघडावे लागते. म्हणून ही टिपणी मुख्यतः त्या जाळीबद्दल आहे.

गोव्यातल्या जुन्या घरात कपडे धुण्याची जागा घराच्या मागे, बांयीजवळच्या, म्हणजे विहिरीजवळच्या दगडावर असे, आणि आंघोळ न्हाणीत. दोन्हीकडचे पाणी परसातल्या केळी-माडांना जाई. न्हाणीच्या कोपऱ्यातली मोरी म्हणजे भिंतीतले भोक, त्याला पाइप नव्हता. न्हाणी हा शब्द मात्र फार लांब पोचला. फरशीत बसवायच्या ज्या भांड्यात पाणी साचून राहते आणि गटाराचा वास अडवते, त्याला प्लंबर आजही ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. दुसरीकडे बाल्कनी या शब्दाचे गोव्यातले भावंड बल्कांव. ती दर्शनी, पायऱ्यांपाशी बसून गप्पा मारायची जागा, आणि तिथे पाणी यायचे ते फक्त पावसाचे. युटिलिटी बाल्कनीत हे दोन वारसे एकत्र आले. न्हाणीचे पाणी वापरलेले असते, बाल्कनीचे पावसाचे, आणि दोघांना जाळी मात्र एकच. पुढचा सगळा वाद यातूनच आला आहे.

‘ड्राय बाल्कनी’ या मुंबई-पुण्याकडून आलेल्या नावाने गोंधळात भर घातली. यातला ‘ड्राय’ कपडे वाळवण्यासाठीचा आहे, जागा कोरडी असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण कामाच्या यादीत हे नाव गेले की वॉटरप्रूफिंग संडास-बाथरूमपुरते राहते आणि या बाल्कनीत टाइल नुसत्या मसाल्यावर बसते. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि सगळे पाइप तपासू लागतात, पण पाइप शाबूत असतो. गळती टाइलच्या सांध्यांतून उतरलेल्या पाण्याची असते. गोव्यात बहुतेक जण नुसते ‘युटिलिटी’ म्हणतात, ते जास्त बरे.

सुरुवातीच्या इमारतींत ही जागा नव्हती. कपडे बाथरूममध्ये धुतले जात आणि बाहेरच्या बाल्कनीत दोरीवर वाळत. नव्वदच्या दशकात दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक मशीन घरोघर आली. त्या मशीनला पाणी उपसायचा पंप नसतो. नळी जमिनीवर टाकली की पाणी उताराने वाहून जाते, त्यामुळे मशीन जिथे ठेवायचे तिथे जमिनीत जाळी हवीच. मशीन बाथरूममधून बाल्कनीत सरकले आणि जाळीचे महत्त्व वाढले.

चित्रातले गोल दाराचे मशीन वेगळ्या जातीचे आहे. त्याला पंप असतो, आणि त्याची नळी जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर, उघड्या तोंडाच्या उभ्या पाइपात सोडायची असते. तीच नळी जाळीवर टाकली तर मशीन भरत असतानाच पाणी सायफनने ओढले जाऊन निघून जाते. मशीन पुन्हा भरते, पाणी पुन्हा जाते, धुणे काही संपत नाही. तक्रार मशीनची होते, चूक नळीच्या उंचीची असते. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच फुल्ली-ऑटोमॅटिक मशीनना मात्र पंप नसतो आणि त्यांची नळी खालीच लागते. थोडक्यात, चित्रातली जाळी एका प्रकारच्या मशीनसाठी आहे आणि ठेवलेले मशीन दुसऱ्या प्रकारचे. त्याला लागणारा भिंतीतला उभा पाइप चित्रात बहुधा नसतोच.

आता मुख्य मुद्दा. ही जाळी पावसाच्या पाइपाला जोडायची की सांडपाण्याच्या? बाल्कनी म्हणून पाहिले तर पावसाच्या. बांधणाऱ्याला ते सोयीचेही असते. पावसाचा पाइप बाहेरच्या भिंतीवर हाताशी असतो, ट्रॅप बसवायला फरशीखाली खोली लागत नाही, खालच्या छताला लोंबते पाइप येत नाहीत. शिवाय हा पाइप मोकळ्या हवेत संपत असल्याने वास येत नाही. सांडपाण्याच्या पाइपाला जोडले तर ट्रॅप लागतो आणि त्यातले निदान 50 मिलिमीटर पाणी कायम टिकवावे लागते. सुट्टीपुरते उघडणारे फ्लॅट गोव्यात पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात काही आठवडे घर बंद राहिले की हे पाणी आटते, मग वास आणि झुरळे दोन्ही वर येतात. तेव्हा पावसाच्या पाइपाच्या बाजूने बोलणारे अगदीच निराधार बोलत नाहीत.

पण साबणाचे पाणी पावसाच्या पाइपात सोडले की ते रस्त्याकडेच्या उघड्या गटारात, तिथून शेतात किंवा ओहोळात उतरते. जिथे अजून बांयी वापरात आहेत तिथे ते जांभ्यातून झिरपून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचू शकते. उलट, उघड्या बाल्कनीतले पावसाचे पाणी सांडपाण्याच्या पाइपात सोडले तर जिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर भागते तिथे जुलैत पंचाईत होते. जमिनीतले पाणी आधीच वर आलेले असते, शोषखड्डा काही घेत नाही, आणि तळमजल्याच्या चेंबरमधून पाणी उलटू लागते.

हे आकड्यांत मांडून पाहिले की वाद बराच निवळतो. बाल्कनी 1.2 मीटर रुंद आणि 2.1 मीटर लांब धरा, म्हणजे अडीच चौरस मीटर. पणजीकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. बाल्कनी पूर्ण उघडी असती तर वर्षाला साडेसात हजार लिटर पाणी आले असते. वर छत आहे, तेव्हा वाऱ्याने आत येणारे पाणी याच्या काही अंशच. गोल दाराचे मशीन एका धुण्याला 50 लिटरच्या आसपास पाणी घेते. आठवड्याला चार धुणी धरली तर वर्षाला दहा हजार लिटर होतात. वेगाचा फरक आणखी मोठा आहे. तासाला 50 मिलिमीटरचा मुसळधार पाऊस या उघड्या बाल्कनीवर मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. मशीनचा पंप तेवढ्या वेळात पंधरा-एक लिटर फेकतो, तेही फेसासकट. म्हणजे छताखालच्या युटिलिटीत जाळीकडे मुख्यतः मशीनचेच पाणी येते आणि जोडणी त्याच्या हिशेबानेच ठरायला हवी.

यातून निघणारी बरी रचना अशी : फरशीत एक मल्टी फ्लोअर ट्रॅप, त्याच्या बाजूच्या तोंडाला मशीनचा उभा पाइप, आणि ट्रॅप सांडपाण्याच्या पाइपाला. प्रत्येक धुण्याबरोबर ट्रॅपमधले पाणी नवे होते, ते आटायचा प्रश्न घर बंद असतानाच येतो. त्या वेळी जाळी उचलून पेलाभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओतून ठेवले की तवंगामुळे पाणी हळू आटते. बाल्कनी खरोखर उघडी, वाऱ्याच्या तोंडाशी असेल तर पावसासाठी कठड्यापाशी वेगळे तोंड काढून पावसाच्या पाइपाला द्यावे. दोन तोंडांचा खर्च थोडा वाढतो, तो करण्यासारखा आहे.

उताराचाही हिशेब इथेच पाहू. जाळी कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा तिरका 2.4 मीटर लांब पडतो. 80 ला 1 असा उतार दिला तर त्या टोकाला फरशी 30 मिलिमीटर उंच हवी. स्वयंपाकघराच्या दाराशी त्याहून निदान 25 मिलिमीटर उंबरा, म्हणजे घरातल्या फरशीपेक्षा जाळी 55 मिलिमीटर खाली. स्लॅब टाकतानाच ही खोली ठेवलेली नसेल तर नंतर उतार किंवा उंबरा यांपैकी एकावर पाणी सोडावे लागते. चित्रात फरशी म्हणजे सपाट पृष्ठभागावर पसरलेले टाइलचे चित्र असते आणि जाळी त्यावर तयार संग्रहातून आणून ठेवलेली असते. मधोमध जाळी आणि चारी बाजूंना अखंड 600 बाय 600 च्या टाइल्स दिसल्या की उतार काढलेला नाही हे ओळखावे, कारण चहूबाजूंनी मध्याकडे उतार द्यायचा तर या टाइल्स कर्णरेषेत कापाव्याच लागतात. 300 बाय 300 ची टाइल आणि कोपऱ्यातली जाळी हे जास्त सोपे पडते. मशीन उतारावर ठेवले तर 600 मिलिमीटर रुंदीत साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो. पाय फिरवून तो भरून काढता येतो, पण पिळताना मशीन सरकू लागते. तेवढ्या जागेपुरता सपाट ओटा चांगला.

2016 च्या रिअल इस्टेट कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या ठरवली आणि ग्राहकाच्या स्वतंत्र वापराची बाल्कनी त्यातून वगळली. तेव्हापासून युटिलिटीचे क्षेत्र वेगळे लिहिले जाते. ही जागा बाहेरच्या भिंतीच्या आत घेतली तर ती कार्पेटमध्ये मोजली जाते आणि तिच्याकडे ओली खोली म्हणून पाहिले जाते. भिंतीबाहेर राहिली तर बाल्कनी, आणि पावसाच्या पाइपाची सवय पुन्हा डोके वर काढते. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले तर भरपाई मागण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. पण जाळी कुठल्या पाइपाला जाते हे चित्र सांगतच नाही. ते फक्त प्लंबिंगच्या नकाशात दिसते, म्हणून करारापूर्वी तो मागून घ्यावा.

ताबा मिळाल्यावर खात्री करायची असेल तर जाळी उचलून आत टॉर्च मारावी. खाली पाणी चमकले तर ट्रॅप आहे. कोरडा, सरळ पाइप दिसला तर तो बहुधा पावसाचा. मग बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ गडद कालवून जाळीत ओतावी आणि एकाने खाली उभे राहावे. निळे पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये उतरले तर जोडणी बरोबर आहे. रस्त्याकडेच्या गटारात आले तर मशीन बसवण्याआधीच लेखी तक्रार द्यावी, म्हणजे फरशी फोडण्याचा खर्च बांधणाऱ्याकडे मागणे सोपे जाते.