दोन मोटरी, एक बेल्ट: सगळा भार एकीवरच का येतो?

‘दोन्ही ड्राइव्हना सारखाच वेग दिलाय, तरी एक मोटर तापते आणि दुसरी थंडच,’ असा फोन कन्व्हेयर बेल्ट चालवणाऱ्यांकडून आम्हाला वारंवार येतो. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण. फोन करण्याआधी बहुतेकांनी एका ड्राइव्हचा वेग दोन-चार आरपीएमने बदलून पाहिलेला असतो. कृपया तसे करू नका. त्या दिवशी आकडे जुळतात, माल वाढला की पुन्हा बिघडतात, आणि आम्हाला मूळ सेटिंग शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

दोष वेगाच्या आकड्यात नसतो. समजा, दोन्ही ड्राइव्ह पुली 800 मिमीच्या आहेत आणि एकीचे लॅगिंग, म्हणजे पुलीवरचे आवरण, 2 मिमी झिजले. तिचा व्यास 796 झाला, म्हणजे अर्धा टक्का कमी. बेल्ट तर एकच, त्यामुळे ही पुली अर्धा टक्का जास्त वेगाने फिरते. तिच्या ड्राइव्हला वाटते, आपण ठरल्यापेक्षा जोरात चाललो. तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी करत जातो आणि शेवटी ब्रेक लावू लागतो. दुसरी मोटर मग मालही ओढते आणि या मोटरलाही. अँपिअर पाहून हे कळत नाही, कारण ब्रेक लावणारी मोटरही करंट घेते. ड्राइव्हच्या पडद्यावर टॉर्कची टक्केवारी पाहा. तिथे उणे चिन्ह दिसले की निदान झाले.

यावर उपाय ड्रूप, म्हणजे भार वाढेल तसा ड्राइव्हने आपला वेग थोडा सोडणे. पूर्ण टॉर्कला 2 टक्के ड्रूप ठेवला, तर वरच्या अर्ध्या टक्क्याच्या फरकामुळे दोन मोटरींच्या टॉर्कमध्ये 25 टक्क्यांचे अंतर राहते. 4 टक्के ठेवला तर साडेबारा. सरासरी भार 60 टक्के असेल, तर एक साधारण 66 वर आणि दुसरी 54 वर चालते. त्या बदल्यात बेल्टचा वेग सुमारे 2.4 टक्के उतरतो. बहुतेक ठिकाणी तो चालतो, नाहीतर दोन्ही ड्राइव्हचा दिलेला वेग तेवढाच वाढवता येतो.

दोन्ही मोटरी एकाच पुलीच्या शाफ्टवर असतील तर आम्ही मास्टर-फॉलोअर सुचवतो. मास्टर वेग सांभाळतो, फॉलोअर त्याच्याइतकाच टॉर्क देतो. फॉलोअरवर वेगाची मर्यादा मात्र हवीच. कपलिंग तुटले तर नुसत्या टॉर्कवर चालणारी मोटर बेफाम पळते.

आम्ही सेटिंग माल भरलेल्या बेल्टवरच करतो, म्हणून एक दिवस जास्त मागतो. रिकाम्या बेल्टवर दोन्ही टॉर्क इतके कमी असतात की वाटणी नीट दिसत नाही. नंतर ड्राइव्ह बदलावा लागला, तर नव्यात ड्रूप बहुधा शून्य असतो. एकाचा शून्य आणि दुसऱ्याचा 4 असेल, तर शून्यवाला जवळजवळ सगळा भार उचलतो. म्हणून आम्ही दोन्ही ड्राइव्हच्या पॅरामीटरची यादी पॅनेलच्या दारामागे लावून जातो. फोन करताना ती यादी आणि चालू बेल्टवरचे दोन्ही टॉर्क हाताशी ठेवा, बरेचसे काम फोनवरच होते.