लोखंड तळाला कधी गेलं?

कापूस वेचणीच्या दिवसांत विदर्भातल्या शेतात ताणकाटा टांगलेला असतोच. विहीर खोदताना निघालेला काळ्या पाषाणाचा एक घट्ट धोंडा दोरीने त्याला अडकवा. समजा तो सहा किलो भरला. आता तो बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला मात्र टेकू देऊ नका. काटा चार किलोच्या आसपास थांबेल. म्हणजे तेवढ्याच आकाराचं पाणी दोन किलोचं, आणि आपला दगड पाण्याच्या साधारण तिप्पट जड.

अख्खी पृथ्वी मात्र पाण्याच्या साडेपाचपट जड आहे. खोलवर दाबाने खडक आवळला जातो, पण त्याने एवढी तफावत भरून निघत नाही. ती भरून काढतो लोखंडाचा गाभा. त्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर आहे आणि पृथ्वीचं जवळपास एक तृतीयांश वस्तुमान त्यात आहे.

सुरुवातीला हे लोखंड खडकातच विखुरलेलं होतं. गंधक मिसळलेलं लोखंड खडकाआधी वितळतं, पण तेवढ्याने ते खाली जात नाही. घन खडकाच्या कणांमध्ये त्याचे थेंब सुटे सुटे अडकून बसतात, एकमेकांना मिळत नाहीत. मोठमोठ्या पिंडांच्या धडकांनी खडकही वितळला, लाव्हारसाचा खोल समुद्र झाला, तेव्हा कुठे थेंबांना वाट मिळाली. ते पावसासारखे खाली गेले आणि जाताना लोखंडाशी सलगी असलेले धातूही घेऊन गेले. टंगस्टन त्यातलंच. हॅफ्नियम मात्र खडकातच राहिलं.

नेमकी इथेच वेळ मोजता येते, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. हॅफ्नियम-१८२ किरणोत्सारी आहे. दर ८९ लाख वर्षांनी ते निम्मं उरतं आणि त्याचं टंगस्टन-१८२ होतं. हे हॅफ्नियम पार संपल्यावर लोखंड बुडालं असतं, तर मागे उरलेल्या खडकातल्या टंगस्टनमध्ये १८२ चं प्रमाण, लोखंड आणि खडक कधी वेगळे न झालेल्या आदिम उल्कांइतकंच असतं. पण ते साधारण दहा हजारांत दोन भागांनी जास्त भरतं. म्हणजे लोखंड जुनं टंगस्टन घेऊन गेलं, त्यानंतरही खडकात नवं टंगस्टन-१८२ तयार होत होतं. सगळं लोखंड एकाच दमात बुडालं असं धरलं, तर हिशेब येतो सूर्यमालेच्या जन्मानंतर सुमारे ३ कोटी वर्षांचा. तोवर या हॅफ्नियमचा जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक होता.

'एकाच दमात' हे गृहीतक मात्र कच्चं आहे. धडकणाऱ्या मोठ्या पिंडांना स्वतःचे गाभे आधीच होते. असा गाभा लाव्हारसात पुरता न मिसळता थेट पृथ्वीच्या गाभ्यात शिरला, तर खडकात त्या पिंडाच्याच घड्याळाची वेळ थोडीफार शिल्लक राहते, आणि पृथ्वीचा गाभा आहे त्याहून जुना वाटतो. त्यामुळे गाभ्याचा बराचसा भाग लवकर तयार झाला, एवढंच म्हणता येतं. शेवटचं लोखंड कधी बुडालं, ते एकटं टंगस्टन सांगू शकत नाही.