तीस दिवसांच्या चॅलेंजची वही: रोज काय टिपावे आणि महिनाअखेरीस ते कसे वाचावे

2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांना तीन आठवडे दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, आपल्या वेदनेची नोंद कागदी डायरीत करायला सांगितले होते. डायरीच्या आवरणात प्रकाश ओळखणारा एक छोटा संवेदक बसवलेला होता, त्यामुळे डायरी नेमकी केव्हा उघडली गेली हे संशोधकांना कळत होते आणि रुग्णांना त्याची कल्पना नव्हती. रुग्णांनी जमा केलेल्या पानांवरून पाहिले तर 90 टक्के नोंदी वेळच्या वेळी झाल्या होत्या. संवेदकाच्या हिशेबाने मात्र ठरलेल्या वेळेच्या आसपास झालेल्या नोंदी अवघ्या 11 टक्के निघाल्या. सुमारे एक तृतीयांश दिवस तर असे होते की डायरी उघडलीच गेली नव्हती, आणि तरीही त्या दिवसांची पाने भरलेली होती.

हे रुग्ण खोटारडे होते असे मला वाटत नाही. राहिलेली पाने मागाहून एका बैठकीत भरून टाकणे हा सर्वसाधारण मनुष्यस्वभाव आहे, आणि तीस दिवसांचे कोणतेही चॅलेंज आखताना पहिला विचार या स्वभावाचा करावा लागतो. रोजच्या नोंदीवर महिनाअखेरचे सिंहावलोकन उभे राहते, आणि नोंदच जर रविवारी बसून सात दिवसांची एकदम केलेली असेल, तर आपण महिन्याचा अभ्यास करत नसून रविवारच्या मनःस्थितीचा अभ्यास करत असतो.

म्हणून नोंद इतकी लहान ठेवावी की ती मागे पडायला कारणच उरू नये. माझ्या अनुभवाने अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागणारी नोंद दुसऱ्या आठवड्यात मार खाते. वहीत दिवसाला एक ओळ आणि ओळीत तीन रकाने पुरतात. त्याखेरीज एक नियम पाळावा: नोंद दुसऱ्या दिवशी केली तर कडेला ‘उ’, म्हणजे उशिरा, असे अक्षर लिहावे. उशिरा लिहायला बंदी घातली तर लोक चोरून लिहितात. खुणेसह परवानगी दिली तर निदान कोणत्या ओळींवर कमी विसंबायचे ते कळते.

तीन रकाने कोणते, हे समजण्यासाठी तीस दिवसांत काय घडू शकते ते आधी पाहावे लागेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 96 स्वयंसेवकांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी कृती निवडली, ती रोज एकाच प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायचे ठरवले आणि 84 दिवस रोज नोंद ठेवली. कृती किती आपोआप घडते याचे गुण त्यांनी स्वतःच दिले. हे गुण सुरुवातीला भराभर चढतात, मग चढ मंदावतो आणि शेवटी रेषा सपाट होते. ज्यांच्या नोंदी या वक्ररेषेत नीट बसल्या, त्यांना सपाटीच्या जवळ पोहोचायला लागलेला मध्यक काळ 66 दिवसांचा होता. सर्वांत लवकर पोहोचणाऱ्याला 18 दिवस पुरले, तर सर्वांत सावकाश जाणाऱ्यासाठी आकडा 254 आला. (अभ्यास 84 दिवसांचाच होता, म्हणजे 254 हा आकडा वक्ररेषा पुढे वाढवून काढलेला आहे, तो छापताना हे बहुतेकदा सांगितले जात नाही.)

यावरून तीस दिवसांबद्दल एक नेमकी गोष्ट निघते. महिन्याच्या शेवटी बहुतेकांची सवय तयार झालेली नसते, परंतु वक्ररेषेचा चढ मात्र दिसू लागलेला असतो. तेव्हा ‘जमले की नाही’ एवढेच विचारणारी नोंद या काळासाठी अपुरी पडते. चढ दिसायचा असेल तर कृती आपोआप होऊ लागली आहे का, हेही टिपले पाहिजे. आणि सवय एखाद्या प्रसंगाला चिकटत असल्यामुळे तो प्रसंग त्या दिवशी मुळात आला होता का, हे त्याआधी टिपले पाहिजे. या प्रसंगाला मी खूण म्हणतो. हे झाले तीन रकाने: खूण घडली का, कृती पूर्ण, थोडी की नाही, आणि ती सुरू करायला किती ठरवावे लागले, याचे एक ते पाच गुण, ज्यात एक म्हणजे स्वतःला ढकलत न्यावे लागले आणि पाच म्हणजे हात आपोआप वळले. ओळीच्या टोकाला एखादा शब्द लिहिण्यापुरती जागा सोडावी.

माझीच एक वही उघडतो. मान आखडण्याच्या तक्रारीमुळे मी तीस दिवस मानेचे आणि खांद्यांचे चार साधे ताण, एकूण सहा मिनिटांचे, करायचे ठरवले होते. खूण होती रात्रीची भांडी घासून हात पुसणे. ‘रात्री’ असे मोघम न लिहिता हात पुसण्याचा क्षण निवडला, कारण तो ओलसर टॉवेल हातात असतो आणि त्याच वेळी पुढचे काय ते आठवते. ‘रात्री’ला असा हातात येणारा क्षण नसतो. पीटर गॉलविट्झर यांनी 1990च्या दशकात मांडलेल्या ‘अमुक घडले की तमुक करीन’ या आराखड्याचे बळ याच नेमकेपणात आहे.

तिसाव्या दिवशी वही उघडण्यापूर्वी मी एका वेगळ्या कागदावर तीन गोष्टी स्मरणाने लिहिल्या: किती दिवस जमले असावे, जे चुकले ते कशामुळे, आणि सुरुवातीला मान किती दुखत होती. माझी उत्तरे अशी होती: पंचवीस-सव्वीस दिवस, थकव्यामुळे, दहापैकी आठ. मग वही उघडली. पूर्ण किंवा थोडे असे मिळून 22 दिवस जमले होते. पहिल्या दिवशीचे दुखण्याचे गुण आठ नव्हते, सहा होते. आणि चुकलेल्या आठ दिवसांपैकी ‘थकवा’ हा शब्द फक्त दोन ओळींच्या टोकाला होता.

मग चुकले कशाने? हे पहिल्या रकान्याने सांगितले. खूण घडली असे 24 दिवस होते आणि त्यांतले 21 दिवस व्यायाम झाला. खूण घडलीच नाही असे सहा दिवस होते, कारण जेवण बाहेर झाले होते किंवा भांडी दुसऱ्या कुणी घासली होती, आणि त्यांतला एकच दिवस जमला. एकूण 30 पैकी 22 हा आकडा पाहून मी आळशी आहे असा निष्कर्ष काढता आला असता. हेच आकडे खुणेनुसार वेगळे मांडले की दिसते की खूण चांगली चालत होती, ती नसल्यावर मात्र माझ्याकडे काहीच नव्हते. पहिला रकाना नसता तर पुढच्या महिन्यात मी मन घट्ट करायचे ठरवले असते आणि त्याच सहा दिवशी पुन्हा अडखळलो असतो.

तिसऱ्या रकान्याचे साप्ताहिक मध्यक अनुक्रमे एक, दोन, तीन आणि पुन्हा तीन असे होते. त्यांत ‘उ’ असलेल्या चार ओळी मी धरल्या नाहीत, कारण ‘किती ठरवावे लागले’ हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, ते केवळ अंदाजाने भरले जाते. चढ आहे, पण पाच अजून दूर आहे. आणि शेवटचे दोन आठवडे तीनवरच थांबलेले पाहून हा मंदावलेला चढ आहे की थांबलेला, हे तीस दिवसांच्या आकड्यांतून सांगता येत नाही.

दुखण्याचे आठ आणि सहा यांतील फरक हा माझ्या विसराळूपणाचा किस्सा नाही. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी 1984 मध्ये विद्यार्थ्यांच्या अभ्यासकौशल्याच्या एका वर्गावर संशोधन केले होते. वर्गाने गुणांत काही सुधारणा झाली नव्हती. तरीही वर्ग केलेल्या विद्यार्थ्यांना वर्गाआधीची आपली कौशल्ये आठवायला सांगितली, तेव्हा त्यांनी ती प्रत्यक्षात नोंदवल्यापेक्षा वाईट असल्याचे सांगितले. कष्ट घेतले म्हणजे फरक पडलाच पाहिजे, आणि आजची स्थिती ओढून चांगली करता येत नसेल तर कालची वाईट आठवते. महिनाअखेरीस नुसते ‘या महिन्याने मला काय दिले’ असे विचारून लिहिलेले पानभर सिंहावलोकन म्हणूनच मला फारसे विश्वासार्ह वाटत नाही. पहिल्या दिवसाची स्थिती पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे आणि शेवटी वही पाहण्याआधी स्मरणाने उत्तर देणे, या दोहोंमुळे आपली आठवण किती सरकली ते निदान मोजता येते.

शेवटच्या दिवशी दुखण्याचे गुण चार होते. सहावरून चार, हे व्यायामाचे श्रेय मानावे का? येथे वहीची मर्यादा येते. मान नेहमीपेक्षा जास्त दुखत होती म्हणूनच मी हे चॅलेंज घेतले, आणि जे दुखणे चढउतार करत असते ते त्याच्या वाईट दिवसांनंतर काही न करताही सरासरीकडे उतरते. यावर उपाय कंटाळवाणा आहे: कृती सुरू करण्यापूर्वी एक आठवडा केवळ दुखण्याची नोंद करावी, म्हणजे तुलना एका वाईट दिवसाशी न होता सात दिवसांशी होते. मी तो आठवडा घालवला नव्हता, त्यामुळे सहा आणि चार यांतून मला काहीही सिद्ध करता येत नाही.

चुकलेल्या दिवसाचे काय करायचे, हे मात्र आधीच ठरवलेले असावे. लॅलींच्या अभ्यासात एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यावर लक्षणीय परिणाम झाला नव्हता. नुकसान बहुधा चुकलेल्या दिवसाने होत नाही, तर ‘आता साखळी तुटलीच आहे’ या भावनेने होते. मारिसा शरीफ आणि सुझान शू यांनी 2017 मध्ये दाखवले की सातही दिवसांचे कठीण ध्येय ठेवून सोबत दोन राखीव सुट्या देणे हे सरळ पाच दिवसांचे सोपे ध्येय ठेवण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. सुटी राखीव म्हटली की ती उगाच खर्च करणे माणसाच्या जिवावर येते आणि वापरली तरी ध्येय शाबूत राहते. तीस दिवसांसाठी चार राखीव दिवस मला ठीक वाटतात. वहीत त्यांना वेगळे चिन्ह द्यावे, कारण शेवटी ते कुठे कुठे खर्च झाले हेही वाचायचे असते.

वही मिटताना मी पुढच्या महिन्यासाठी एकच बदल लिहिला. ज्या रात्री भांडी घासायची नसतील, त्या रात्री दात घासून ब्रश जागेवर ठेवला की तेच चार ताण करायचे. पहिल्या रकान्यात आता ‘भां’ किंवा ‘ब्र’ असे लिहिले जाते, आणि दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवसापर्यंत ‘ब्र’ तीनदा आले आहे. त्यांतल्या दोन वेळा व्यायाम झाला.