डेकेड काउंटरमधले उरलेले सहा : गेटपासून सात रेघांच्या आकड्यापर्यंतची पार्श्वभूमी

गेट जोडून शून्य ते नऊ मोजणारा डेकेड काउंटर करायचा आणि तो आकडा सात रेघांच्या डिस्प्लेवर आणायचा, हा प्रोजेक्ट आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे शाळेच्या नाहीतर ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये दरवर्षी कुणीतरी घेतोच. सर्किट पुस्तकात असतं, आयसी कुणीतरी मुंबईला गेलं की लॅमिंग्टन रोडवरून येतात, पोरं जोडतात आणि बहुतेक वेळा चालतंही. पण ते सर्किट असं का आहे हे कुणी सांगत नाही, आणि ते कळलं नाही तर बिघडल्यावर पोरं नुसत्या वायरी हलवत बसतात. माझ्या मते या सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. चार फ्लिपफ्लॉप लावले की १६ अवस्था मिळतात, आपल्याला हव्या असतात १०, मग उरलेल्या सहांचं काय करायचं?

फ्लिपफ्लॉप आला १९१८ मध्ये. इंग्लंडमध्ये एकल्स आणि जॉर्डन या दोघांनी दोन व्हॉल्व्ह एकमेकांना उलटसुलट जोडून पेटंट घेतलं, एक चालू असला की दुसरा बंद आणि आहे ती अवस्था धरून ठेवायची. आज आपण दोन नॅण्ड गेट फुलीसारखे जोडतो ती हीच कल्पना. त्याचा मोजायला मोठा उपयोग केला विन-विल्यम्सने, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये. तिथे अणूतून सुटणारे कण मोजायचे होते आणि यांत्रिक काउंटर तेवढा फास्ट चालायचा नाही, म्हणून १९३२ मध्ये त्याने थायरेट्रॉन ट्यूबांचे दोन-दोनने भागणारे टप्पे एकामागे एक लावले, प्रत्येक टप्पा पल्स निम्मे करणार आणि शेवटी यांत्रिक काउंटरला झेपतील एवढेच पोचणार. इथे १६ चं १० करायची गरजच नव्हती, मोजणारा माणूस शास्त्रज्ञ होता, तो टप्प्यांचे एक, दोन, चार हाताने मिळवून घ्यायचा.

पण यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं म्हटलं की आकडा दशमान पाहिजे. १९४० च्या दशकात चार टप्प्यांच्या काउंटरमध्ये मागून पुढे वायर नेऊन, म्हणजे फीडबॅक देऊन, सहा अवस्था गाळायच्या युक्त्या निघाल्या. दुसरीकडे त्या सहा मुळातच नसतील अशी ट्यूबही आली. डेकॅट्रॉनमध्ये गोलाकार दहा कॅथोड असायचे आणि पल्सगणिक उजेडाचा ठिपका एक घर पुढे सरकायचा. १९५५ मध्ये बरोज कंपनीने निक्सी ट्यूब बाजारात आणली, तिच्यात तर ० ते ९ आकड्यांच्या आकाराचेच दहा कॅथोड एकामागे एक, जो पाहिजे तो पेटवा. निक्सीला चार बिटांचे दहा वेगळे आउटपुट करणारा डिकोडर लागायचा, एका आउटपुटला एक आकडा, त्यामुळे तो समजायला सोपा.

रेघा पेटवून आकडा दाखवायची कल्पना मात्र निक्सीच्याही आधीची आहे, हे ऐकून पोरं चकित होतात. १९०८ मध्ये फ्रँक वुड नावाच्या अमेरिकन माणसाने रेघा पेटवून आकडे दाखवायच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, त्यात ४ साठी तिरकी रेघ धरून आठ रेघा होत्या. पण त्या काळात प्रत्येक रेघेला बल्ब लावायचा, आणि कुठल्या आकड्याला कुठल्या रेघा हे ठरवणारं स्वस्त सर्किट नव्हतं. १९६२ मध्ये होलोनिअ‍ॅकने दिसणाऱ्या लाल उजेडाचा एलईडी केला, त्या दशकाच्या शेवटी एलईडीचे आकडे विकायला लागले, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ७४०० मालिका त्याच दशकात आली. मग ७४९० हा तयार डेकेड काउंटर आणि ७४४७ हा तयार डिकोडर अशी जोडी जमली, ती आजही लॅबच्या कपाटात सापडते.

लॅबमध्ये आपण हे तयार आयसी बाजूला ठेवून ७४४७ च्या आतलं काम गेटने करतो, आणि इथे कामाला येतो कार्नो मॅप, म्हणजे कमीत कमी गेटमध्ये काम भागवणारं सूत्र काढायचा तक्ता. १९५२ मध्ये वीचने तक्ता मांडला, १९५३ मध्ये बेल लॅब्जच्या कार्नोने तो सुधारून आजच्या रूपात आणला. त्यात एक मुभा आहे, जी अवस्था कधी येणारच नाही तिच्या घरात ० घ्या नाहीतर १ घ्या, ज्याने गेट वाचतील ते. आपले उरलेले सहा, म्हणजे १० ते १५, तसेच वापरायचे.

दोन रेघा करून बघू. बिट चार, डी म्हणजे ८, सी म्हणजे ४, बी म्हणजे २ आणि ए म्हणजे १. खालची उजवी रेघ फक्त २ ला बंद असते. २ ओळखायला खरंतर चारही बिट तपासायला हवेत, पण १० कधी येणार नाही असं धरलं तर डी बघायची गरजच नाही. खालची डावी रेघ पेटते ०, २, ६, ८ ला, म्हणजे ४ सोडून सगळ्या सम संख्यांना. सातही रेघा अशा काढल्या (६ ला वरची आणि ९ ला खालची रेघ धरून) तर हे मिळतं, a वरची रेघ, तिथून घड्याळाच्या दिशेने f पर्यंत, g मधली, ' म्हणजे उलटा बिट, + म्हणजे ऑर आणि शेजारी लिहिलेले बिट म्हणजे अ‍ॅण्ड:

```
a = D + B + CA + C'A'
b = C' + BA + B'A'
c = C + B' + A
d = D + C'A' + C'B + BA' + CB'A
e = A'B + A'C'
f = D + B'A' + CB' + CA'
g = D + CB' + C'B + BA'
```

एक गोष्ट आधीच सांगतो, साधा ७४०० मालिकेचा गेट आउटपुट ० असताना १६ मिलिअँपियर ओढू शकतो पण १ असताना जेमतेम ०.४ देतो, म्हणून कॉमन अ‍ॅनोड डिस्प्ले घ्या, प्रत्येक रेघेला ७४०४ चा एक इन्व्हर्टर आणि स्वतःचा ३३० ओहमचा रेझिस्टर. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला तर १ झगझगीत आणि ८ मंद दिसतो.

आता खरी गंमत. या सूत्रांत आपण सहा अवस्था येणारच नाहीत असं धरून गेट वाचवलेत, तेव्हा त्या आल्याच तर डिस्प्ले काय दाखवेल? सूत्रांत घालून बघा. १० ला खालची उजवी रेघ सोडून सगळं पेटतं. ११ ला स्वच्छ ९ दिसतो, १२ ला पण ९, १३ ला ५, १४ ला ६ आणि १५ ला परत ९. म्हणजे सहापैकी पाच वेळा डिस्प्ले एखादा नेहमीचाच आकडा दाखवून चक्क खोटं बोलतो, आणि बघणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. ७४४७ मध्ये १० ते १४ ला विचित्र खुणा येतात आणि १५ ला काहीच पेटत नाही, सीडी ४५११ हा दुसरा तयार डिकोडर तर ९ च्या वर सरळ कोरा राहतो. काहीतरी चुकलंय हे तिथे निदान दिसतं.

काउंटरच्या बाजूला शाळेत बहुतेक रिपल काउंटर असतो, म्हणजे एका फ्लिपफ्लॉपचा आउटपुट पुढच्याला क्लॉक देतो, ७४७६ चे चार फ्लिपफ्लॉप, आणि १० आला की बी आणि डी दोन्ही १ होतात म्हणून त्या दोघांचा नॅण्ड घेऊन सगळ्यांच्या क्लिअरला, म्हणजे फ्लिपफ्लॉप शून्य करणाऱ्या पायाला. १० काही नॅनोसेकंद येऊन जातो, डोळ्याला दिसत नाही. पण हा नॅण्ड सहाही अवस्था पकडत नाही! बी आणि डी दोन्ही १ असतात ते १०, ११, १४ आणि १५ मध्ये. १२ आणि १३ मध्ये बी शून्य असतो, ते निसटतात. एरवी काउंटर तिथे जातच नाही, पण सप्लाय चालू होताना फ्लिपफ्लॉप कुठल्याही अवस्थेत उभे राहू शकतात, आणि आमच्याकडे जून-जुलैत पाऊस नि वारा सुटला की लाईट दिवसातून किती वेळा जाते-येते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लाईट आल्यावर डिस्प्ले ९, मग ५, मग ० आणि पुढे नीट १, २, ३ असा गेला तर समजायचं, काउंटर १२ वर उठला होता, १३ दाखवून १४ वर नॅण्डने त्याला पकडलं. ९ नंतर ५ दिसला की पोरं डिकोडरची वायरिंग तपासायला घेतात आणि डिकोडर बिचारा बरोबर असतो.

उपाय एका ऑर गेटचा आहे. बी आणि सी चा ऑर घ्यायचा आणि तो डी बरोबर नॅण्डमध्ये घालायचा. डी १ आणि सोबत बी किंवा सी १, हे १० पासून १५ पर्यंत सगळीकडे खरं आहे आणि ८, ९ ला खोटं, त्यामुळे सहाही जागच्या जागी गाळले जातात. ७ वरून ८ वर जाताना चुकून क्लिअर होईल का अशी शंका चांगली पोरं विचारतात, नाही होत, कारण रिपलमध्ये आधी ए, मग बी, मग सी शून्य होतात आणि त्यानंतरच डी वर जातो.

क्लिअरचं अजून एक दुखणं आहे. बी आधी शून्य झाला की नॅण्ड लगेच क्लिअर मागे घेतो, डी ला वेळ पुरला नाही तर तो तसाच राहतो आणि ९ नंतर ८ येतो. उलट झालं, डी आधी गेला, तर ९ नंतर २. एका जातीचे फ्लिपफ्लॉप असले तर सहसा होत नाही, साधे आणि एलएस जातीचे मिसळले की होऊ शकतं. त्यावर दोन नॅण्डचा लॅच घालायचा, तोच एकल्स-जॉर्डनवाला, आपल्या क्लिअर-नॅण्डचा ० आला की लॅच क्लिअर धरून ठेवतो आणि क्लॉक परत वर गेल्यावर, म्हणजे उलटा केलेला क्लॉक शून्य झाला की, सोडतो. तयार ७४९० मध्ये ही भानगडच नाही, त्याच्या आतला फीडबॅक ९ नंतर सरळ ० वरच नेतो, १० मध्ये येतच नाही.

आणि कोकणातल्या लॅबमध्ये हे सहा अजून एका वाटेने येतात. खारट दमट हवेने ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या नि आयसीचे पाय काळे पडतात, मग वायर लावलेली असते पण कॉन्टॅक्ट नसतो, आणि टीटीएलमध्ये, म्हणजे या ७४०० मालिकेत, सुटलेला इनपुट १ धरला जातो. समजा काउंटरकडून डिकोडरकडे जाणारी सी ची वायर अशी गेली. काउंटर नीट ० ते ९ मोजतोय पण डिकोडरला सी कायम १ दिसतोय, मग डिस्प्लेवर येणार ४, ५, ६, ७, परत ४, ५, ६, ७ आणि शेवटी ९, ५. शेवटचे दोन म्हणजे आपले १२ आणि १३. हे ओळखायला काउंटरच्या चारही आउटपुटला एकेक एलईडी इन्व्हर्टरमधून लावून ठेवावा, एलईडी ० ते ९ नीट मोजत असतील तर दोष त्यांच्या पुढे आहे, आणि एलईडीच १२ दाखवत असतील तर काउंटरमध्ये. तो सीचा पाय काढून बारीक पॉलिश पेपरने घासायचा, ब्रेडबोर्डचं भोक बदलायचं, आणि बोर्डवर जमलं की पावसाळ्याआधी सर्किट सरळ पीसीबीवर सोल्डर करून टाकायचं.