लाल अळंबीचं विष: ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच टोपीत

जून 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मश्रूमचा अर्क घातलेल्या काही चॉकलेटांबद्दल इशारा दिला. ती खाऊन लोकांना झटके येत होते, शुद्ध हरपत होती, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं. तपासणीत सापडलेल्या रसायनांपैकी एक होतं मस्किमॉल. हे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अळंबीत असतं. मोबाइलच्या इमोजीत जी अळंबी दिसते तीच ही, अमॅनिटा मस्केरिया, इंग्रजीत फ्लाय ॲगॅरिक. ‘मॅजिक मश्रूम’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं, आणि गैरसमजाची सुरुवात इथेच होते. सिलोसायबिन असलेल्या अळंब्या वेगळ्या कुळातल्या, दिसायला बहुधा लहान आणि तपकिरी. लाल अळंबीत सिलोसायबिन मुळीच नसतं.

मग असतं काय? ते समजण्यासाठी आधी मेंदूतल्या दोन संदेशवाहक रेणूंची ओळख हवी. पहिला ग्लुटामेट. तो चेतापेशीला उद्दीपित करतो, म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर. दुसरा गाबा. तो चेतापेशीला शांत करतो, म्हणजे ब्रेक. गंमत अशी की मेंदू ब्रेक बनवतो तो ॲक्सिलरेटरपासूनच. एक विकर ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकतं, उरतो तो गाबा. सूत्रांत पाहा: ग्लुटामिक आम्ल C5H9NO4, त्यातून CO2 वजा केला की C4H9NO2, हाच गाबा.

लाल अळंबीत या जोडगोळीची हुबेहूब नक्कल आहे. तिच्यातलं इबोटेनिक आम्ल (C5H6N2O4) ग्लुटामेटसारखं दिसतं आणि ग्लुटामेटच्याच ग्राहींवर, म्हणजे चेतापेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतं. त्यातून CO2 निघून गेला की C4H6N2O2 उरतं. हे मस्किमॉल, गाबाची नक्कल. प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतला एखादा नेमका भाग नष्ट करायचा असेल तर तिथे इबोटेनिक आम्ल टोचतात. पेशी इतक्या उद्दीपित होतात की त्यातच मरतात. मस्किमॉलचं काम याच्या नेमकं उलट. गाबाच्या ग्राहीच्या मधोमध एक छिद्र असतं. मस्किमॉल ग्राहीवर बसलं की ते उघडतं, क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि पेशी गप्प होते. बाहेरून दिलेला गाबा रक्तातून मेंदूत फारसा शिरत नाही, मस्किमॉल मात्र शिरतं. शिवाय मेंदू स्वतःचा गाबा काम झाल्याबरोबर आवरून घेतो, तसं मस्किमॉलला चटकन आवरता येत नाही.

म्हणजे खाणाऱ्याच्या मेंदूत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबले जातात. साधारण अर्ध्या ते दोन तासांत लक्षणं सुरू होतात. तोल जातो, स्नायू फडफडतात, माणूस आरडाओरडा करतो, मग गाढ झोपतो, पुन्हा उठून बरळतो. बालकांमध्ये झटक्यांचा धोका अधिक. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, दिवस आहे की रात्र, याचं भान सुटतं. वैद्यकात यालाच डिलिरियम म्हणतात. नंतर बऱ्याचदा मधलं काही आठवत नाही.

सिलोसायबिनचा रस्ताच वेगळा. शरीरात त्याचं सिलोसिन होतं आणि ते सिरोटोनिन या आणखी एका संदेशवाहकाच्या विशिष्ट ग्राहीला चेतवतं. ब्रेकची यंत्रणा जागच्या जागी राहते. दृष्टी आणि विचार विस्कटतात, पण आपण काहीतरी घेतलं आहे आणि त्यामुळे हे होतंय, एवढी जाणीव सहसा टिकते. याचा अर्थ ते निर्धोक आहे असा नव्हे. भारतात ते अमली पदार्थ कायद्याखाली प्रतिबंधित आहे, आणि त्या छोट्या तपकिरी अळंब्यांसारखीच दिसणारी गॅलेरिना यकृत निकामी करते.

लाल अळंबीचा अंदाज बांधता येत नाही, त्याचं कारणही त्या CO2 मध्येच आहे. अळंबी सुकली की बरंचसं इबोटेनिक आम्ल मस्किमॉलमध्ये बदलतं, काही बदल पोटात गेल्यावरही होतो. त्यामुळे ताजी आणि सुकी अळंबी वेगवेगळं वागते. दोन ताज्या टोप्यांतलं विषही सारखं नसतं. ‘नैसर्गिक आणि कायदेशीर’ असं छापून विकणाऱ्यांच्या वेष्टनावर या फरकाचा पत्ता नसतो.

आता एक जुनं प्रकरण. नोव्हेंबर 1897 मध्ये वॉशिंग्टनला राहणारे इटालियन मुत्सद्दी काउंट दे वेक्की यांनी न्याहारीला सुमारे दोन डझन अळंब्या खाल्ल्या. त्यांना वाटलं ही आपल्याकडची राजअळंबी, अमॅनिटा सीझरिया. तीही केशरी-लाल असते, पण तिच्या टोपीखालच्या झालरी आणि देठ पिवळे असतात. लाल अळंबीच्या झालरी पांढऱ्या. ठिपक्यांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण ते पावसाने धुऊन जातात. अर्ध्या तासात काउंट कोसळले, दिसेनासं झालं, पुढे इतके जोरदार झटके आले की पलंग मोडला. त्यांना ॲट्रोपिन देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्याबरोबर खाणारे डॉक्टर मात्र पूर्ण बरे झाले.

ॲट्रोपिन का दिलं, तर 1869 मध्ये याच अळंबीतून मस्करिन नावाचं विष वेगळं केलं गेलं होतं आणि ॲट्रोपिन हा त्याचा उतारा. खरं तर लाल अळंबीत मस्करिन अगदी नगण्य. ते भरपूर असतं इनोसायबी आणि क्लिटोसायबी या साध्या दिसणाऱ्या अळंब्यांत. ते बाधलं तर घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मंद नाडी अशी लक्षणं दिसतात, आणि तिथे ॲट्रोपिन खरोखर प्राण वाचवतं. पण ॲट्रोपिन स्वतःही डिलिरियम घडवू शकतं. त्यामुळे कोरड्या अंगाने बरळणाऱ्या रुग्णाला ते दिलं तर भर आगीत पडते. इबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल 1960च्या दशकात सापडेपर्यंत ही गफलत टिकली.

फ्लाय ॲगॅरिक बर्च आणि पाइनच्या मुळांशी सोबत करून वाढते, सह्याद्रीतल्या रानात ती सहसा भेटायची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी, विदर्भातल्या सात्या, गोव्यातली रोयण ओळमी हे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं, आणि जाणती माणसं ती जागा आणि देठाचं मूळ पाहून ओळखतात. धोका असतो तो चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किंवा गोगलगायीने खाल्लंय म्हणजे चालेल, अशा कसोट्यांत. अमॅटॉक्सिन हे यकृत निकामी करणारं सर्वांत घातक विष चांदीला काळं करत नाही, शिजवून नाहीसं होत नाही आणि गोगलगायीला बाधत नाही. एप्रिल 2022 मध्ये आसाममध्ये रानटी अळंबी खाऊन तेराहून कमी नव्हेत इतके लोक दगावले.

म्हणून घड्याळ पाहावं. दोन तासांच्या आत भ्रम, झोप किंवा घाम सुरू झाला तर त्रास बहुधा मेंदूचा किंवा मस्करिनचा. सहा ते बारा तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू झाले तर यकृताचं विष मानूनच चालावं. त्यात दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत ढासळतं. लवकर त्रास झाला म्हणून उशिराचं विष नाही असंही नसतं, कारण एका भाजीत दोन जातींच्या अळंब्या असू शकतात. रुग्णाला नेताना उरलेली अळंबी मातीतल्या बुंध्यासकट कागदी पिशवीत घालून सोबत न्यावी. प्लास्टिकमध्ये ती काही तासांत सडते आणि ओळख पटवणं अवघड होतं.